फरशी आणि रांगोळीतली सममिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेषीय सममिती आणि घूर्णन सममिती यांत नेमका फरक काय?

जमिनीतून एक लादी उचकटून काढली आहे आणि तिच्या जागी तंतोतंत तिच्याच मापाची खाच उरली आहे, असे समजा. ती लादी परत त्याच खाचेत बसवायची आहे. वरची बाजू वरच ठेवून, नुसती फिरवून ती जितक्या वेगवेगळ्या प्रकारे बसेल, तितका तिच्या घूर्णन सममितीचा क्रम. चौरस लादी चार प्रकारे बसते: जशी होती तशी, ९०° फिरवून, १८०° फिरवून आणि २७०° फिरवून. म्हणून चौरसाचा क्रम ४. आयताकृती लादी दोनच प्रकारे बसते, म्हणून तिचा क्रम २.

आता तीच लादी उलथी करून, म्हणजे वरची बाजू खाली घालून, खाचेत बसवता येते का ते पाहा. उलथी करून जितक्या प्रकारे बसेल, तितके तिचे सममिती अक्ष. प्रत्येक प्रकार म्हणजे एकेका रेषेभोवती कागद दुमडण्यासारखे आहे. त्या रेषेवर आरसा उभा धरला, तर उरलेला अर्धा भाग आरशात पुरा दिसतो.

खरी लादी उलथी करून कुणी बसवत नाही, कारण तिची नक्षी आणि चकाकी एकाच बाजूला असते. मिस्त्रीच्या हातात फक्त फिरवणे असते, उलटवणे नसते. ही साधी गोष्ट पुढच्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी आहे.

सुसम बहुभुजाकृतीला किती अक्ष असतात आणि ते कुठून जातात?

जितक्या बाजू तितके अक्ष, आणि घूर्णनाचा क्रमही तितकाच. समभुज त्रिकोणाला ३, चौरसाला ४, सुसम पंचकोनाला ५, सुसम षटकोनाला ६. सर्वांत लहान फिरवण्याचा कोन काढायचा असेल तर ३६०° ला बाजूंच्या संख्येने भागा. पंचकोन ७२° ने फिरवला की स्वतःवर बसतो आणि षटकोन ६०° ने.

अक्ष कुठून जातात यात मात्र विषम आणि सम बाजूंचा फरक आहे. पंचकोनात प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर जातो. पाचही अक्ष एकाच जातीचे. षटकोनात दोन जाती होतात: तीन अक्ष समोरासमोरच्या शिरोबिंदूंना जोडतात, तर तीन समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांना. विद्यार्थी चौरसाचे दोनच अक्ष लिहून थांबतात ते यामुळेच. कर्णांवरचे तरी विसरतात, नाहीतर बाजूंच्या मध्यांवरचे.

आयताचा कर्ण त्याचे दोन समान भाग करतो. मग तो सममिती अक्ष का नाही?

समान भाग होणे पुरेसे नाही. एक भाग दुमडल्यावर दुसऱ्यावर बसायला हवा. साधा ए४ कागद कर्णावर दुमडून पाहा. कोपरा कोपऱ्यावर पडत नाही आणि दोन त्रिकोणी टोके बाहेर राहतात. ते दोन त्रिकोण एकरूप आहेत हे खरे, पण एकाला दुसऱ्यावर आणायचे तर दुमडून नव्हे, १८०° फिरवून आणावे लागते.

समांतरभुज चौकोनात हे आणखी स्पष्ट दिसते. त्याला एकही अक्ष नाही, तरी घूर्णनाचा क्रम २ आहे. उलट, पतंगाला एक अक्ष आहे, पण पूर्ण ३६०° फिरवल्याशिवाय तो स्वतःवर बसत नाही, म्हणजे क्रम १. परीक्षेत ‘क्रम १’ याचा अर्थ घूर्णन सममिती नाही असाच घ्यायचा, कारण पूर्ण फेरी मारल्यावर कोणतीही आकृती जागेवर येतेच.

अक्ष असले की घूर्णन सममिती असतेच का?

एकच अक्ष असेल तर नाही. दोन असतील तर नक्की असते, आणि कारण करून पाहण्यासारखे आहे. आकृती एका अक्षाभोवती उलटवली आणि मग दुसऱ्या अक्षाभोवती उलटवली, तर दोनदा उलटल्यामुळे वरची बाजू परत वर येते. म्हणजे एकूण परिणाम नुसत्या फिरवण्याचा होतो, आणि फिरण्याचा कोन दोन अक्षांमधल्या कोनाच्या दुप्पट असतो. चौरसाचे शेजारचे दोन अक्ष ४५° वर आहेत, म्हणून तो ९०° फिरतो. षटकोनाचे शेजारचे अक्ष ३०° वर आहेत, म्हणून तो ६०° फिरतो.

उलट दिशेने हे चालत नाही. घूर्णन असूनही अक्ष एकही नसेल, असे होऊ शकते. त्याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण पुढच्या प्रश्नात आहे.

स्वस्तिकाला सममिती अक्ष किती?

एकही नाही. जाड रेघांचे स्वस्तिक काढून त्याची बाह्यरेषा मोजली तर ती २० बाजूंची बहुभुजाकृती होते. ती ९०° ने फिरवली की स्वतःवर बसते, म्हणून क्रम ४. पण उभ्या रेषेवर आरसा धरला तर हाताची वळणे उलट दिशेला जातात आणि डावे स्वस्तिक दिसते. चार खणांत चार ठिपके दिले तरी फरक पडत नाही. ठिपके आरशात जागेवर राहतात, हात राहत नाहीत.

याचा व्यवहारातला परिणाम असा की स्वस्तिकाचा छाप किंवा जाळी कागद दुमडून कापता येत नाही. दुमडून कापलेल्या कागदात दुमडीची रेषा अक्ष बनते, आणि स्वस्तिकाला तर अक्षच नको आहे. कागद न दुमडता एक हात आखावा, ट्रेसिंग पेपरवर उतरवावा, मध्यावर टाचणी लावावी आणि ९०° ने फिरवत चार वेळा उमटवावा. भिंगरीसारख्या वळणाच्या पाकळ्या असलेल्या कोणत्याही रांगोळीला हीच रीत लागते. आणखी एक जपायचे: ट्रेसिंग पेपर उलटा पडला तर चारही हात डावे होतात. म्हणून कागदाच्या वरच्या बाजूला आधीच खूण करून ठेवावी.

चार लाद्या मिळून एक फूल होते अशी फरशी बसवताना नक्षी का तुटते?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत रंगीत सिमेंटच्या अशा लाद्या पाहायला मिळतात. लादीच्या एका कोपऱ्यात फुलाचा पाव भाग असतो आणि समोरच्या कोपऱ्यात बहुधा एखादे लहान पान. चार लाद्यांचे फुलाचे कोपरे एकत्र आले की फूल पुरे होते.

लादीचा आकार चौरस आहे, म्हणून आकाराला ४ अक्ष आणि क्रम ४. पण आपण आकार बसवत नसून नक्षी बसवत आहोत. नक्षीसकट पाहिले तर या लादीला एकच अक्ष उरतो, फुलाच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण. क्रम १ होतो. म्हणजे खाचेत लादी चार प्रकारे बसते, पण त्यांतला एकच प्रकार बरोबर असतो. खाच चूक पकडून देत नाही, ती पकडायला डोळेच लागतात. त्यातच बसवताना लाद्यांवर सिमेंटची रबडी पसरलेली असते, म्हणून चुकीची फिरवून बसवलेली लादी पुसल्यानंतरच दिसते आणि तोवर माल घट्ट होत आलेला असतो.

काम असे करावे. पहिली लादी ठेवा. दुसरी तिच्या शेजारी ९०° फिरवून, तिसरी आणखी ९०°, चौथी आणखी ९०°. चारही फुलाचे कोपरे एका बिंदूवर आले पाहिजेत. आधी कोरड्या चार लाद्या मांडून पाहा आणि मग चार-चारचा गट धरूनच पुढे जा. पाठीवर दिशेचा बाण असलेली लादी असेल तर सगळे बाण एकाच दिशेला ठेवायची सवय इथे सोडावी लागते. रेषेदार किंवा दगडाच्या पोताच्या लादीला ती योग्य आहे, पण पाव-फुलाच्या लादीला तसे केले तर एकही फूल पुरे होत नाही, नुसती पाव-पाव फुले एकाच तोंडाने ओळीत उभी राहतात.

नीट बसलेल्या या जमिनीत आणखी एक पाहण्यासारखे आहे. फुलाच्या मध्याभोवती जमीन ९०° ने फिरवली तर नक्षी जुळते. चार पाने जिथे एकत्र येतात तिथेही तसेच. पण लादीचे उरलेले दोन कोपरे जिथे भेटतात, त्या बिंदूभोवती मात्र फक्त १८०° ने जुळते. एकाच जमिनीवर दोन वेगळ्या क्रमांची केंद्रे असतात.

खोलीत फुले दोन्ही भिंतींकडे सारखी यावीत म्हणून हिशोब कसा करायचा?

१० फूट × १२ फूट खोली आणि ८ इंची लादी घेऊ. १० फूट म्हणजे १२० इंच, त्यात १५ लाद्या. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्यात १८ लाद्या. एकूण २७०. हिशोब बिनचूक दिसतो, तरी यात अडचण आहे. एका फुलाला दोन लाद्यांची रुंदी लागते आणि १५ ही विषम संख्या आहे. एका भिंतीपासून सुरुवात केली तर समोरच्या भिंतीला अर्धे फूल उरेल आणि खोलीचा लांबीच्या दिशेचा अक्ष नाहीसा होईल.

उपाय म्हणजे साध्या लादीचा काठ. रुंदीच्या दोन्ही टोकांना दीड-दीड लादी, म्हणजे १२-१२ इंच काठ ठेवला तर मध्ये ९६ इंच उरतात: १२ लाद्या, ६ फुले. लांबीच्या दोन्ही टोकांना एक-एक लादी, म्हणजे ८-८ इंच ठेवली तर १२८ इंच उरतात: १६ लाद्या, ८ फुले. एकूण ४८ फुले आणि नक्षीच्या १९२ लाद्या. काठ दोन बाजूंना १२ आणि दोन बाजूंना ८ इंच असल्यामुळे तो चारी बाजूंना सारखा नाही. पण समोरासमोर तो सारखा आहे, आणि आयताकृती खोलीला दोनच अक्ष असतात. ते दोन्ही शाबूत राहतात.

बाजारातली ‘८ इंची’ लादी पुष्कळदा २०० मिलिमीटरची असते, तर ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर. २ मिलिमीटरचा सांधा धरला तरी १५ लाद्यांत साधारण १८ मिलिमीटर कमी पडतात. हा फरक एका बाजूला ढकलू नका. खोलीच्या मध्यावर खडूच्या दोरीने दोन रेषा मारा आणि तिथून दोन्हीकडे काम न्या. फरक दोन्ही भिंतींकडे निम्मा-निम्मा जाईल आणि स्कर्टिंगखाली झाकला जाईल. त्या दोन रेषा गुण्यात, म्हणजे एकमेकींशी काटकोनात, आहेत का हे ३-४-५ ने तपासा: एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि दोन्ही टोकांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. भिंती गुण्यात असतील असे धरून चालू नये. भिंतीला समांतर सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला काठ पाचरीसारखा निमुळता होतो.

पंचकोनी लादी का दिसत नाही?

सुसम पंचकोनाचा प्रत्येक आतला कोन १०८° असतो. एका बिंदूभोवती तीन ठेवले तर ३२४° होतात, ३६° ची फट उरते आणि चौथा तिथे मावत नाही. चौरसाचे ९०° चार वेळा, समभुज त्रिकोणाचे ६०° सहा वेळा आणि षटकोनाचे १२०° तीन वेळा बरोबर ३६०° भरतात. एकाच सुसम आकाराने जमीन भरायची तर हे तीनच. म्हणूनच फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकमध्ये षटकोन सापडतो, पंचकोन नाही.

सुसम नसलेला पंचकोन मात्र चालतो. चौरसावर त्रिकोणी छप्पर ठेवलेला ‘घराचा’ आकार सरळ आणि उलटा ठेवत गेले तर जमीन न फट ठेवता भरते. बहिर्वक्र पंचकोनांचे असे १५ प्रकार आहेत, आणि पंधरावा सापडला तो अगदी अलीकडे, २०१५ मध्ये.

अष्टकोन आणि लहान चौरसांच्या फरशीत सममितीचा क्रम ८ का येत नाही?

एकटी अष्टकोनी लादी हातात घेतली तर तिचा क्रम ८ आहे. जमिनीत बसवल्यावर तिच्या आठ बाजूंना एक सोडून एक मोठा अष्टकोन आणि लहान चौरस लागतात. ४५° फिरवले की अष्टकोन जागेवर येतो, पण शेजारी अष्टकोनाच्या जागी चौरस येतो. म्हणून जमिनीचा क्रम ४ आणि अष्टकोनाच्या मध्यातून जाणारे अक्षही ४. प्रश्नात आकृतीची सममिती विचारली आहे की नक्षीची, हे आधी वाचावे.

३० सेंटिमीटरच्या चौरस लादीचे कोपरे कापून अष्टकोन करायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर ८.८ सेंटिमीटर मोजून कापा. अष्टकोनाची बाजू १२.४ सेंटिमीटर येते आणि मधला लहान चौरसही तितक्याच बाजूचा लागतो. एक तृतीयांश, म्हणजे १० सेंटिमीटर, असा अंदाजाने काप घेतला तर चार बाजू १० च्या आणि चार १४ च्या होतात. तो अष्टकोन सुसम राहत नाही, क्रम ४ वर येतो. गंमत अशी की जमिनीचा क्रम ४ च असल्यामुळे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त लहान चौरस १४ चा घ्यावा लागतो.

१५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी षटकोनी असूनही ताणलेली का दिसते?

मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एक-एक कमी करत ८ पर्यंत, प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. एकूण १५ ओळी आणि १६९ ठिपके. यातून सुसम षटकोन व्हायचा तर शेजारचे कोणतेही तीन ठिपके समभुज त्रिकोणात असायला हवेत, आणि चूक होते ती नेमकी इथे.

ठिपक्यांमध्ये २ सेंटिमीटर ठेवले की हाताला ओळींमध्येही २ सेंटिमीटरच ठेवावेसे वाटते. पण समभुज त्रिकोणाची उंची बाजूइतकी नसते, ती बाजूच्या ०.८६६ पट असते. म्हणजे ओळींमधले अंतर १.७३ सेंटिमीटर हवे. २ ठेवले तर आडव्या ओळीत ठिपके २ वर आणि तिरक्या ओळीत २.२४ वर पडतात. दिसायला अजून षटकोनच, पण ६०° ने फिरवला तर जुळत नाही. क्रम ६ वरून २ वर येतो, आणि सहा अक्षांपैकी फक्त उभा आणि आडवा उरतो. सहा पाकळ्या काढल्या तर आडव्या दोन आखूड आणि तिरक्या चार लांब होतात.

पट्टीने लगेच तपासता येते. मधली ओळ टोकापासून टोकापर्यंत २८ सेंटिमीटर भरते. सर्वांत वरच्या ओळीपासून सर्वांत खालच्या ओळीपर्यंत २४.२ सेंटिमीटर भरले पाहिजेत. तिथेही २८ आले तर ठिपके ताणले गेले आहेत. उदबत्तीने भोके पाडून ठिपक्यांचा कागद घरी करणार असाल तर ओळी १.७ सेंटिमीटरवर आखल्या तरी चालते, १५ ओळींत फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत राहतो. कागद हलवून पुढचा भाग उमटवताना मात्र आधीच्या दोन ओळी नव्या भोकांशी जुळवून घ्या. एकाच ओळीवर जुळवला तर तो किंचित फिरलेला राहू शकतो.

पाच पाकळ्यांचे फूल दोरीने कसे आखायचे?

सहा पाकळ्या सोप्या, कारण वर्तुळाची त्रिज्या हीच दोरी परिघावर सहा वेळा बरोबर बसते. पाचासाठी दोरी त्रिज्येच्या १.१७६ पट लागते. ३० सेंटिमीटर त्रिज्या असेल तर ३५.३ सेंटिमीटर.

ही ३५ च धरली तर चार पावले सारखी पडतात आणि पाचवे अंतर ३६.३ येते. प्रत्येक पावलाची लहानशी चूक शेवटच्या पाकळीत साचते. त्या फुलाला घूर्णन सममिती उरत नाही, एकच अक्ष राहतो, तोही त्या मोठ्या फटीच्या मध्यातून. दुरुस्ती अशी: पाचही पावले टाका. सुरुवातीच्या खुणेपासून जितके कमी पडले, इथे सुमारे १.६ सेंटिमीटर, त्याचा पाचवा भाग दोरीत वाढवा आणि खुणा पुसून पुन्हा फेरी मारा. बहुधा दुसऱ्या फेरीतच जुळते.

रंग भरल्यावर सममिती बदलते का?

बदलते, आणि वाढत कधीच नाही. सहा पाकळ्यांत लाल-पिवळा आलटून पालटून भरला तर क्रम ३ आणि अक्ष ३ उरतात. लाल, पिवळा, हिरवा, पुन्हा लाल, पिवळा, हिरवा असे भरले तर क्रम २ होतो आणि अक्ष एकही राहत नाही. लाल पाकळीवर आरसा धरला की पिवळा आणि हिरवा जागा बदलतात. पाच पाकळ्यांत दोन रंग आलटून पालटून भरताच येत नाहीत. कुठेतरी एकाच रंगाच्या दोन पाकळ्या शेजारी येतात, आणि त्या दोघींच्या मधून जाणारा एकच अक्ष उरतो. पाच पाकळ्यांची पूर्ण सममिती हवी असेल तर पाकळ्यांना एकच रंग द्या आणि दुसरा रंग प्रत्येक पाकळीच्या आत, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा, भरा.

फोटो काढून सममिती तपासता येते का?

येते, फोटो बरोबर वरून काढला असेल तर. तिरका काढला की चौरस समलंब दिसतो आणि फोटोतला अक्ष जमिनीवरचा अक्ष राहत नाही. खुर्चीवर उभे राहून फोन जमिनीला समांतर धरा, छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून नक्षी उतरवा, मध्यावर टाचणी लावा आणि हळूहळू फिरवा. एका फेरीत रेषा रेषांवर जितक्या वेळा बसतील तो क्रम. अक्षांसाठी तोच ट्रेसिंग पेपर शंका असलेल्या रेषेवर दुमडून उजेडासमोर धरा. जिथे दोन रेषा वेगळ्या दिसतील तिथे रांगोळीत बोट ठेवून बघा, चूक आखणीतली आहे की रंगातली ते लगेच कळते.